तुकड्या-तुकड्यांत विकलेले शेअर आणि भांडवली नफा: फिफोबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या कार्यालयात जून-जुलैत रिटर्न भरायला येणारे बरेच जण हेच प्रश्न घेऊन येतात. वाशी, ऐरोली, खारघरहून मेलवर येणारे प्रश्नही फारसे वेगळे नसतात. एकाच कंपनीचे शेअर तीन-चार वेळा घेतलेले असतात आणि दोन-तीन वेळा थोडे थोडे विकलेले असतात. मग कुठल्या विक्रीसमोर कुठली खरेदी मांडायची, इथे गाडी अडते. खालची उत्तरं भारतात नोंदलेल्या कंपन्यांच्या, शेअर बाजारात एसटीटी, म्हणजे शेअरच्या व्यवहारावरचा कर, भरून विकलेल्या शेअरपुरती आहेत. हिशोब आर्थिक वर्ष २०२५-२६ चा धरला आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला असला, तरी या वर्षाच्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागतो.

१. फिफो म्हणजे नक्की काय आणि ते मला का पाळावं लागतं?

जो शेअर डिमॅट खात्यात आधी आला तो आधी बाहेर गेला असं मानायचं, म्हणजे फिफो. डिमॅटमधल्या शेअरना ओळख नसते. पूर्वी कागदी सर्टिफिकेटवर अनुक्रमांक असायचा, त्यामुळे कुठला शेअर विकला ते बोट ठेवून सांगता यायचं. डिमॅटमध्ये १५० शेअर म्हणजे नुसता १५० हा आकडा असतो. त्यातले कुठले ८० गेले हे खातं सांगू शकत नाही, म्हणून कायद्यानेच क्रम ठरवून दिला. आयकर कायद्याचं कलम ४५(२ए) आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं २४ जून १९९८ चं परिपत्रक क्रमांक ७६८ हे त्याचे दोन आधार आहेत. परिपत्रक चार पानांचंही नाही, पण खालचे निम्मे प्रश्न त्यातूनच सुटतात.

२. मला महाग घेतलेला लॉट आधी विकला असं दाखवायचं आहे. चालेल का?

लॉट म्हणजे एका वेळच्या खरेदीतले शेअर. ते एकाच डिमॅट खात्यात असतील तर नाही. विकताना तुमच्या मनात कुठला लॉट होता, ब्रोकरला तुम्ही काय कळवलं होतं, याने फरक पडत नाही. लॉट निवडण्याचा एकच रास्त मार्ग आहे, तो म्हणजे लॉट आधीपासून वेगवेगळ्या डिमॅट खात्यांत असणं. त्याबद्दल प्रश्न ८ पाहा.

३. मी तीनदा घेतले आणि दोनदा विकले. पूर्ण हिशोब करून दाखवाल का?

वर्तकनगरच्या एका गृहस्थांनी पाठवलेल्या प्रश्नावरून हे उदाहरण घेतलं आहे. आकडे सोपे केले आहेत आणि ब्रोकरेज तूर्त बाजूला ठेवलं आहे. एकच कंपनी, एकच डिमॅट खातं.

| लॉट | खरेदीची तारीख | शेअर | भाव (रु.) |
|---|---|---|---|
| अ | १० जून २०२२ | ६० | ४२० |
| ब | १४ ऑगस्ट २०२४ | ४० | ६१० |
| क | २० जानेवारी २०२५ | ५० | ५६० |

पहिली विक्री ५ मे २०२५ ला, ८० शेअर, ६५० रुपयांनी. रांगेत सर्वांत पुढे लॉट अ आहे, तो अख्खा संपतो. ६० शेअरवर प्रत्येकी २३० रुपये सुटतात, म्हणजे १३,८०० रुपये. हे शेअर जवळजवळ तीन वर्षं, म्हणजे बारा महिन्यांपेक्षा जास्त, हातात होते, त्यामुळे हा नफा दीर्घकालीन. अजून २० शेअर हवेत, ते लॉट ब मधून घ्यायचे. त्यांवर प्रत्येकी ४० रुपये, एकूण ८०० रुपये. ऑगस्ट २०२४ ते मे २०२५ म्हणजे नऊ महिनेही झाले नाहीत, म्हणून हे ८०० अल्पकालीन.

इथे थांबून शिल्लक लिहून ठेवा: लॉट ब चे २० आणि लॉट क चे ५०. बहुतेकांचा हिशोब चुकतो तो ही ओळ न लिहिल्याने. दुसऱ्या विक्रीला ते पुन्हा लॉट अ पासून सुरुवात करतात, किंवा लॉट ब अख्खा धरतात.

दुसरी विक्री २५ ऑगस्ट २०२५ ला, ४५ शेअर, ७०० रुपयांनी. आता पुढे आहेत लॉट ब चे उरलेले २०. प्रत्येकी ९० रुपयांप्रमाणे १,८०० रुपये. तोवर १४ ऑगस्ट उलटून गेला आहे, म्हणून हा नफा दीर्घकालीन. उरलेले २५ लॉट क मधून जातात, प्रत्येकी १४० रुपये, एकूण ३,५०० रुपये. ते जानेवारीतले असल्याने अल्पकालीन.

म्हणजे दीर्घकालीन नफा १३,८०० अधिक १,८००, एकूण १५,६०० रुपये. अल्पकालीन ८०० अधिक ३,५००, एकूण ४,३०० रुपये. खात्यात उरले लॉट क चे २५ शेअर, ५६० रुपयांचे.

लॉट ब कडे नीट बघा. एकाच दिवशी, एकाच भावाने घेतलेले ४० शेअर, पण त्यातले निम्मे अल्पकालीन ठरले आणि निम्मे दीर्घकालीन. लॉटला अल्पकालीन-दीर्घकालीन असा शिक्का नसतो. विक्रीच्या दिवशी त्या लॉटचं वय किती, एवढंच बघायचं.

हिशोब बरोबर आला का, याची एक सोपी पडताळणी आहे. एकूण खरेदी ७७,६०० रुपयांची झाली. त्यातून उरलेल्या २५ शेअरची किंमत १४,००० वजा केली की ६३,६०० राहतात. एकूण विक्री ८३,५०० रुपयांची. दोन्हींतला फरक १९,९०० आणि आपला नफाही १५,६०० अधिक ४,३०० म्हणजे १९,९००. हे जुळलं नाही तर कुठला तरी लॉट दोनदा धरला गेला आहे किंवा सुटला आहे.

४. माझ्या ॲपमध्ये सरासरी भाव दिसतो. तोच धरला तर काय बिघडलं?

वरच्याच उदाहरणात तिन्ही लॉटची सरासरी साधारण ५१७.३३ रुपये येते. त्या भावाने विकलेल्या १२५ शेअरचा नफा १८,८३३ रुपयांच्या आसपास येतो, म्हणजे खऱ्या नफ्यापेक्षा हजारभर कमी. पण आकड्यापेक्षा मोठी अडचण ही की सरासरीला तारीख नसते. त्यातलं किती अल्पकालीन आणि किती दीर्घकालीन, हे सरासरीवरून काढताच येत नाही, आणि कर तर त्यावरच ठरतो. ॲपमधला आकडा भाव वर गेला की खाली हे बघायला ठेवा, रिटर्नमध्ये घेऊ नका.

काही ॲप विक्रीनंतर उरलेल्या शेअरची सरासरी फिफोप्रमाणे दाखवतात. आपल्या उदाहरणात शेवटी ५६० दिसत असेल तर ते ॲप फिफो धरतं, आणि ५१७.३३ दिसत असेल तर साधी सरासरी धरतं. विक्रीच्या आधीचा आणि नंतरचा भाव टिपून ठेवला की हे लगेच कळतं.

५. बारा महिने कुठल्या तारखेपासून मोजायचे? शेअर खात्यात दुसऱ्या दिवशी येतात.

बाजारातल्या खरेदी-विक्रीसाठी ब्रोकरने व्यवहाराच्या दिवशी दिलेल्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरची तारीख धरायची, शेअर खात्यात जमा झाल्याची नाही. २८ एप्रिल १९९५ च्या परिपत्रक क्रमांक ७०४ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. नोंदलेले शेअर बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ हातात असतील तर दीर्घकालीन होतात. ‘पेक्षा जास्त’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, म्हणून वर्ष पूर्ण होण्याच्या दिवशीच विकायला जाऊ नका. लॉट ब ची खरेदी १४ ऑगस्ट २०२४ ची. १५ ऑगस्ट २०२५ ला शुक्रवारची सुट्टी आणि पुढे शनिवार-रविवार होता. म्हणजे निर्धोक असा पहिला दिवस सोमवार, १८ ऑगस्ट.

लॉट रांगेत कुठे उभा आहे आणि लॉटचं वय किती आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रोजच्या खरेदीत दोन्हींचं उत्तर एकच येतं, म्हणून फरक लक्षात येत नाही. तो कुठे वेगळा पडतो ते प्रश्न ९ आणि १० मध्ये आहे.

६. कर किती लागतो?

२३ जुलै २०२४ पासून झालेल्या विक्रीवर अल्पकालीन नफ्याला २० टक्के, आणि वर्षभरातल्या एकूण दीर्घकालीन नफ्यातला १,२५,००० रुपयांवरचा भाग असेल त्याला १२.५ टक्के. दोन्हींवर ४ टक्के सेस. प्रश्न ३ मधल्या गृहस्थांचा दुसरा कुठलाही दीर्घकालीन नफा नसेल, तर १५,६०० वर कर शून्य आणि ४,३०० वर ८६० रुपये अधिक सेस.

नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंत कर नाही असं ऐकून पुष्कळ जण निर्धास्त असतात. ती सवलत म्हणजे कलम ८७ए ची रिबेट आहे आणि ती या खास दराच्या नफ्याला मिळत नाही. मात्र भारतात राहणाऱ्या व्यक्तीचं बाकी उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेपेक्षा, म्हणजे नव्या प्रणालीत चार लाखांपेक्षा, कमी असेल, तर मर्यादेचा उरलेला भाग या नफ्यातून वजा करता येतो. घर सांभाळणाऱ्या आणि स्वतःच्या नावावर थोडे शेअर असलेल्या बायकांच्या रिटर्नमध्ये हे हमखास विसरलं जातं.

७. ब्रोकरेज आणि एसटीटी वजा करायचे का? आणि कुठल्या लॉटमधून?

ब्रोकरेज, त्यावरचा जीएसटी, एक्स्चेंजचे आकार हे विक्रीचा खर्च म्हणून वजा होतात. खरेदीच्या वेळचे असेच आकार आणि स्टॅम्प ड्यूटी खरेदीच्या किमतीत मिळवता येतात. एसटीटी मात्र वजा होत नाही, कायद्यात तसं स्पष्ट म्हटलं आहे.

वाटणी शेअरच्या संख्येप्रमाणे करायची. समजा ५ मे च्या कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये एकूण १७२ रुपये कापले आहेत. ५२,००० रुपयांच्या विक्रीवर ०.१ टक्का दराने एसटीटी ५२ रुपये होतो, तो सोडून द्या. उरलेल्या १२० पैकी ९० रुपये लॉट अ च्या ६० शेअरना आणि ३० रुपये लॉट ब च्या २० शेअरना.

८. माझी दोन डिमॅट खाती आहेत, एक बँकेचं आणि एक ॲपवालं. फिफो दोन्ही मिळून लावायचं का?

नाही, प्रत्येक खात्याला वेगळं. परिपत्रक ७६८ मध्ये हे स्वच्छ लिहिलं आहे. बँकेच्या खात्यात २०१५ चे शेअर आहेत आणि ॲपवाल्या खात्यात त्याच कंपनीचे २०२५ चे आहेत. तुम्ही ॲपवरून विकले, तर २०२५ चेच गेले. बँकेच्या खात्यातले २०१५ चे जागेवरच राहतात.

याचा फायदा रीतसर घेता येतो. पाय रोवून ठेवायचे शेअर एका खात्यात आणि मधूनमधून घ्यायचे-विकायचे दुसऱ्या खात्यात ठेवले, की छोट्या विक्रीमुळे जुना लॉट संपत नाही. ज्यांना एकच कंपनी दोन्ही प्रकारे धरायची आहे, त्यांना मी हेच सुचवतो. नंतर रिटर्नमध्ये मखलाशी करण्यापेक्षा आधी खातं वेगळं ठेवलेलं बरं.

९. मी स्वतःच्याच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात शेअर हलवले. आता नव्या ब्रोकरच्या रिपोर्टमध्ये खरेदी भाव शून्य दिसतो.

स्वतःच्याच खात्यांमधली हलवाहलव ही विक्री नाही, त्यावर कर नाही. मूळ भाव आणि मूळ तारीख तशीच राहते. नव्या ब्रोकरकडे तो भाव पोचलेलाच नसतो, म्हणून शून्य दिसतो, किंवा हलवलेल्या दिवसाचा बाजारभाव दिसतो. बहुतेक ठिकाणी तो हाताने भरायची सोय असते. जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोट समोर ठेवून प्रत्येक लॉट वेगळा भरा, एकत्र सरासरी भरू नका.

रांग मात्र बदलते. परिपत्रकाच्या शब्दांत, खात्यातून बाहेर जाण्याचा क्रम खात्यात नोंद झालेल्या तारखेवर ठरतो. नव्या खात्यात आधीच मार्च २०२५ चे ३० शेअर असतील आणि जुन्या खात्यातले २०१६ चे १०० तुम्ही सप्टेंबर २०२५ ला तिथे आणले, तर पुढच्या विक्रीत आधी मार्चचे ३० जातील. २०१६ चे शेअर त्यांच्या मागे उभे राहतात, जरी वयाने ते दीर्घकालीन असले तरी. अर्धेच हलवले असतील तर जुन्या खात्यातूनही त्याच नियमाने आधी आलेले आधी बाहेर पडले असं धरा आणि त्याप्रमाणे दोन्ही खात्यांची शिल्लक लिहा.

१०. वडिलांची कागदी सर्टिफिकेटं आता डिमॅट केली. ती तर सर्वांत जुनी, मग तीच आधी विकली गेली ना?

या प्रश्नाचं उत्तर ऐकून लोकांना धक्का बसतो. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांत नोकरी केलेल्यांच्या घरोघरी अशी सर्टिफिकेटं निघतात. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकून देता येत नाहीत, त्यामुळे विकायचे तर आधी डिमॅट करावे लागतात.

समजा तुमच्या खात्यात डिसेंबर २०२४ मध्ये बाजारातून घेतलेले ५० शेअर होते. मार्च २०२५ मध्ये तुमच्या नावावरचे १९९८ चे १०० कागदी शेअर डिमॅट होऊन त्याच खात्यात आले. जून २०२५ मध्ये तुम्ही ५० विकले. १९९८ चे विकले असं वाटलं, पण खात्यात आधी नोंद झालेले डिसेंबरचे ५० गेले, आणि ते अल्पकालीन. नफा असेल तर २० टक्के. हे टाळायचं असतं तर कागदी शेअर डिमॅट करताना वेगळं, रिकामं खातं उघडायला हवं होतं.

पुढे जेव्हा १९९८ चे शेअर विकले जातील तेव्हा वय १९९८ पासूनच मोजलं जाईल. रांगेतली जागा नोंदीच्या तारखेवरून, वय मूळ खरेदीच्या तारखेवरून. आणि जोवर शेअर कागदावर आहेत तोवर ते डिमॅटच्या रांगेत येतच नाहीत.

वडिलांच्या पश्चात वारशाने तुमच्या डिमॅटमध्ये आलेल्या शेअरनाही हीच विचारसरणी लावा. खरेदीची किंमत वडिलांची, त्यांच्याकडे शेअर होते तो काळही तुमच्या काळात मिळवायचा, पण रांगेतली जागा तुमच्या खात्यात शेअर आले त्या तारखेची. मृत्यूच्या दिवसाचा बाजारभाव खरेदीची किंमत म्हणून भरू नका.

११. शेअर २०१८ च्या आधीचे आहेत. ३१ जानेवारी २०१८ चा भाव कधी धरायचा?

१ फेब्रुवारी २०१८ च्या आधी घेतलेल्या लॉटसाठीच, आणि तोही लॉटगणिक वेगळा बघून. आधी ३१ जानेवारी २०१८ चा सर्वोच्च भाव आणि तुमचा विक्रीचा भाव यांतला कमी तो घ्या. मग तो आणि प्रत्यक्ष खरेदीचा भाव यांतला जास्त तो तुमची किंमत.

२०१४ मध्ये १५० ला घेतला, ३१ जानेवारीचा सर्वोच्च भाव ३८०, आणि ६५० ला विकला: किंमत ३८०, नफा २७०. तोच ३०० ला विकला, तर किंमत ३०० आणि नफा शून्य. या भावाच्या जोरावर तोटा दाखवता येत नाही. मात्र ४०० ला घेतलेला ३०० ला विकला असेल तर खरा तोटा १०० रुपये, तो मिळतो.

एकाच विक्रीत २०१४ चा आणि २०२० चा लॉट मिळून गेला असेल, तर रिटर्नच्या Schedule 112A मध्ये जुन्या लॉटची कंपनीवार वेगळी ओळ लागते. ३१ जानेवारी २०१८ नंतरच्या लॉटची बेरीज एकत्र देता येते. म्हणजे एका कॉन्ट्रॅक्ट नोटच्या दोन नोंदी झाल्या तर गोंधळू नका.

१२. बोनस, स्प्लिट आणि कंपनीचे तुकडे झाले तर रांगेचं काय होतं?

स्प्लिटमध्ये रांग हलत नाही. शेअर वाढतात, भाव त्याच प्रमाणात कमी होतो, तारीख मूळचीच.

बोनस मात्र वेगळा लॉट असतो. किंमत शून्य, वय वाटपाच्या तारखेपासून, आणि रांगेत तो नोंद झाली तिथे, म्हणजे मूळ शेअरच्या मागे. १०० शेअर ९०० ला घेतले, एकास एक बोनस मिळाला आणि भाव ४८० वर आला. आता १०० विकले तर मूळचे गेले, म्हणून ४२,००० चा तोटा. नंतर बोनसचे १०० त्याच भावाने विकले तर सगळेच्या सगळे ४८,००० नफा. दोन्ही मिळून ६,००० च सुटले, पण विक्री वेगवेगळ्या वर्षांत झाली तर दोन वर्षांची रिटर्न फार वेगळी दिसतात. सावध राहा: मूळ शेअर बोनसच्या रेकॉर्ड डेटच्या आधीच्या तीन महिन्यांत घेतले असतील आणि नंतरच्या नऊ महिन्यांत बोनस हातात ठेवून तोट्यात विकले, तर तो तोटा धरला जात नाही, तो बोनस शेअरची किंमत बनतो.

कंपनीचा एखादा विभाग वेगळा निघतो तेव्हा प्रत्येक लॉटची किंमत कंपनीने जाहीर केलेल्या प्रमाणात वाटायची. रिलायन्समधून २०२३ मध्ये जिओ फायनान्शियल निघाली, तेव्हा प्रमाण ९५.३२ आणि ४.६८ टक्के होतं. तुमचे रिलायन्सचे चार लॉट असतील तर जिओ फायनान्शियलचेही चारच लॉट, आणि वय मूळ लॉटचं. अनेकांच्या रिपोर्टमध्ये आजही रिलायन्सची किंमत अख्खी आणि जिओची शून्य दिसते.

१३. ऐरोलीत आयटी कंपनीत आहे, कंपनीचे शेअर दर वर्षी थोडे थोडे मिळतात. त्यांची किंमत काय धरू?

ज्या बाजारभावावर तुमच्या पगारात कर लागला, तोच प्रत्येक लॉटचा खरेदी भाव. तुम्ही खिशातून भरलेली सवलतीची रक्कम किंमत म्हणून धरली तर त्याच पैशावर दोनदा कर भराल. वय वाटपाच्या तारखेपासून. फॉर्म १६ सोबतच्या तपशिलात लॉटवार आकडे मिळतात. कंपनी परदेशात नोंदलेली असेल तर या पानावरचे दर आणि बारा महिन्यांचा नियम तुम्हाला लागू नाहीत.

१४. तोटा दाखवायला जुने शेअर विकले आणि लगेच त्याच दिवशी परत घेतले. चालतं ना?

तोटा दाखवायला विकणं बेकायदा नाही, पण त्याच दिवशी परत घेण्याने काम बिघडतं. एकाच ब्रोकरकडे, एकाच एक्स्चेंजवर, एकाच दिवशी जितके विकले तितकेच घेतले, तर दोन्ही व्यवहार आपसांत मिटतात. डिमॅटमधून एकही शेअर बाहेर जात नाही. जुना लॉट जागेवरच राहतो आणि त्या दिवसाचा फरक सट्ट्याचा धंदा म्हणून धरला जातो. कॉन्ट्रॅक्ट नोट मिळते, म्हणून लोकांना वाटतं तोटा झाला. डिमॅटचं स्टेटमेंट उघडा, त्या तारखेला शेअर बाहेर गेल्याची नोंद नसेल तर तोटाही नाही. परत घ्यायचेच असतील तर दुसऱ्या दिवशी घ्या, मग तो नवीन लॉट रांगेच्या शेवटी लागेल.

दुसरी फसगत फिफोचीच. १०० शेअर २०० ला, नंतर १०० शेअर ५०० ला घेतले, आज भाव ४०० आहे. ५०० वाल्या लॉटवर १०,००० चा तोटा दिसतो म्हणून १०० विकले, तर जातात २०० वाले आणि होतो २०,००० चा नफा. तोट्याच्या लॉटपर्यंत पोचायला आधी पुढचा लॉट विकावा लागतो. विकण्याआधी रांग लिहून बघा.

झालेला तोटा कुठे वळता होतो तेही सांगतो. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं असेल तरच.

१५. एआयएस मधले आकडे माझ्या हिशोबाशी जुळत नाहीत. कुठले भरू?

तुमचे, कागदपत्रांचा आधार असेल तर. एआयएस म्हणजे आयकर खात्याकडे तुमच्या व्यवहारांची जमा झालेली वार्षिक माहिती. त्यातली शेअर विक्रीची माहिती डिपॉझिटरीकडून येते आणि तिथला विक्रीचा भाव बरेचदा दिवसअखेरच्या भावावरून काढलेला अंदाज असतो. तुमचा खरा भाव कॉन्ट्रॅक्ट नोटवर आहे. हलवलेल्या, वारशाच्या आणि डिमॅट केलेल्या शेअरचा खरेदी भाव तिथे चुकीचा किंवा रिकामा असू शकतो, कारण प्रश्न ९ मध्ये सांगितलं तेच.

दोन गोष्टी मात्र जुळल्याच पाहिजेत: विकलेल्या शेअरची संख्या आणि विक्रीच्या तारखा (एखाद-दुसऱ्या दिवसाचा फरक सेटलमेंटमुळे पडतो). संख्या जुळत नसेल तर एखादं विसरलेलं खातं निघतं. विक्रीच्या एकूण रकमेत मोठा फरक असेल तर एआयएसमध्येच त्या नोंदीवर हरकत नोंदवून ठेवा.

१६. फार जुन्या खरेदीची कॉन्ट्रॅक्ट नोट सापडत नाही. लॉट कसे लावू?

आधी रांग उभी करा, भाव नंतर. डिमॅट ज्याच्याकडे आहे त्या बँकेकडून किंवा ब्रोकरकडून खातं उघडल्यापासूनचं व्यवहारांचं स्टेटमेंट मागवा. त्यात शेअर कधी आले, किती आले आणि कुठून आले ते असतं. भाव नसतो, पण क्रम पक्का होतो. खातं दुसरीकडे नेलं असेल तर बंद केलेल्या खात्याचंही मागवा, नाहीतर सगळे लॉट एकाच दिवशी आलेले दिसतील.

मग भाव. बँकेच्या पासबुकात ब्रोकरला गेलेली रक्कम आणि तारीख सापडली, तर संख्येने भागून भाव काढता येतो. तीही नसेल तर त्या दिवशीचे बाजारभाव एक्स्चेंजच्या संकेतस्थळावरच्या जुन्या नोंदींत मिळतात. कशावरून भाव काढला ते कागदावर लिहून फाइलमध्ये ठेवा. १ फेब्रुवारी २०१८ च्या आधीच्या लॉटची काळजी बहुधा कमी असते. भाव तेव्हापासून वर गेलेला असेल तर ३१ जानेवारी २०१८ चा सर्वोच्च भावच कामी येतो आणि मूळ खरेदी त्याहून स्वस्त होती एवढंच दाखवावं लागतं.

कोपरीच्या एका आजींकडे चाळीस पानी वही होती. प्रत्येक कंपनीला एक पान, खरेदी डावीकडे, विक्री उजवीकडे, आणि प्रत्येक विक्रीखाली लाल शाईने ‘शिल्लक’. त्यांचं रिटर्न करताना आम्हाला फक्त बेरीज तपासावी लागली. एक्सेलमध्ये करा किंवा वहीत, पण ती लाल ओळ प्रत्येक विक्रीच्या दिवशीच लिहा.